शाळेचं फाटक सजवण्याच्या परवानगीसाठी विनंतीपत्र

दिनांक : १५ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
प्राथमिक विभाग,
सदाशिव पेठ, पुणे ४११०३०

विषय : ३ जानेवारीच्या सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त शाळेचं मुख्य फाटक सजवण्याची परवानगी मिळण्याबाबत

आदरणीय बाई,
स.न.वि.वि.

मी चौथी ‘ब’मधल्या एका मुलीची आई आणि पालक-शिक्षक संघाची सदस्य. ३ जानेवारीला शनिवार आहे, म्हणजे सकाळची शाळा. त्या दिवशी मुलं आत येतील ते फाटक सजवलेलं असावं, अशी आम्हा काही पालकांची इच्छा आहे. त्यासाठी आपली परवानगी हवी आहे.

दरवर्षी वर्गात सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो, एक-दोन भाषणं होतात. ते असावंच. पण १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा तिथवर पोचणंच किती अवघड होतं! शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण-चिखल फेकत. तो वाडा बुधवार पेठेत होता, आपल्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणून हा दिवस दारापासूनच सुरू व्हावा असं मला फार वाटतं.

सजावटीत मुख्य गोष्ट मुलांच्या हातची असेल. प्रत्येकाने घरी विचारून यायचं, की आपल्या घरात सगळ्यात आधी शाळेत कोण बाई गेली? आई, आजी, पणजी, आत्या, कोणीही. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तिचं नातं आणि ती कितवीपर्यंत शिकली एवढंच लिहायचं. आडनाव नको, गाव नको. माझ्या लेकीने परवा घरी एक कागद करून पाहिला. त्यावर ‘आजी. जुनी अकरावी.’ एवढं लिहून बाजूला तिने आजीचा चश्मा काढला. माझ्या आईने तो कागद बराच वेळ हातातून खाली ठेवला नाही. तिच्या आईला सही येत नव्हती, अंगठा उठवायची. ही गोष्ट माझ्या मुलीला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. एखाद्या मुलाच्या घरात आईच पहिली असेल, एखादीच्या घरात ती स्वतःच असेल. तिने ‘मी. इयत्ता दुसरी.’ असं लिहावं. तो कागद आपण फाटकाच्या मधोमध लावू. ज्यांना घरचं काही लिहायचं नसेल त्यांनी सावित्रीबाई किंवा त्यांच्या सहकारी फातिमा शेख यांचं नाव लिहावं. कुणावरही सक्ती नको.

कागद विकत आणायचे नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू चालेल, त्या आम्ही गोळा करायला सुरुवातही केली आहे. हे कागद सुतळीत ओवून फाटकाच्या गजांना बांधू. वर झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण. फुलं शुक्रवारी पहाटे मार्केट यार्डातून आणू. थर्माकोल, प्लॅस्टिकची फुलं, फुग्यांची कमान यातलं काहीही नसेल. फुगे फुटले की त्यांचे तुकडे बालवाडीची मुलं तोंडात घालतात, ते मला नकोच वाटतं.

फाटकाला नुकताच रंग दिला आहे, त्यामुळे खिळे किंवा चिकटपट्टी वापरणार नाही. रांगोळी फाटकाच्या आतल्या बाजूला काढू, कारण बाहेर रिक्षाकाका मुलांना उतरवतात आणि तिथे आधीच गर्दी असते. छोटं दार पूर्ण मोकळं राहील. तोरण बांधताना लाकडी घोड्यावर फक्त मोठी माणसं चढतील.

आपल्याकडून एवढं हवं आहे : शुक्रवारी, २ जानेवारीला दुपारची शाळा सुटल्यावर संध्याकाळी साडेसातपर्यंत आम्हा सहा पालकांना थांबू द्यावं, शिपाईकाकांना तशी कल्पना द्यावी आणि शाळेचा लाकडी घोडा मिळावा. नाताळच्या सुट्टीआधी वर्गशिक्षिकांनी हा विषय मुलांना सांगितला तर घरी विचारायला त्यांना पुरेसा वेळ मिळेल. मला वाटतं, यातली खरी मजा त्या विचारण्यातच आहे.

फुलांचा आणि सुतळीचा खर्च आम्ही सहाजण वाटून घेऊ. मुलांकडून वर्गणी घेणार नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर सगळं आम्हीच उतरवू. फुलं शाळेच्या खताच्या खड्ड्यात जातील आणि कागद वर्गशिक्षिकांकडे परत देऊ, म्हणजे ज्याचा त्याला घरी नेता येईल.

काही बदल सुचवावेसे वाटले तर जरूर सांगावेत. मी रोज बाराच्या सुमारास मुलीला न्यायला येते, तेव्हा कार्यालयात येऊन भेटू शकेन. २० तारखेपर्यंत होकार कळला तर फुलांची मागणी वेळेत नोंदवता येईल.

कळावे,
आपली नम्र,
सौ. वैशाली गोरे
पालक, इयत्ता चौथी ‘ब’