गिल्ड प्रवेशासाठी अर्ज : वारणाकाठ, ड्वार्फ प्रीस्ट, हीलर

गिल्ड लीडर, ऑफिसर आणि जुन्या सदस्य मंडळींस सप्रेम नमस्कार.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमधील आपल्या गिल्डला हीलरची गरज असल्याचे समजल्यावरून हा अर्ज करीत आहे. माझे पात्र ‘वारणाकाठ’ या नावाचा, 60व्या लेव्हलचा ड्वार्फ प्रीस्ट आहे. फिअर वॉर्ड केवळ ड्वार्फ प्रीस्टलाच मिळतो आणि मॅग्मडारसारख्या बॉससमोर टँक घाबरून पळत सुटला तर पुढे काय होते हे आपण सर्वांनी पाहिलेले असेलच, म्हणून मी ही जात सुरुवातीलाच विचारपूर्वक निवडली. पुण्यापासून ॲमस्टरडॅमपर्यंत विखुरलेली मराठी माणसे एकत्र येऊन युरोपीय सर्व्हरवर रेड करतात, याचे मला अप्रूप वाटले हेही खरे; परंतु केवळ भाषेसाठी मी येत नाही, मला नियमाने चालणारे गिल्ड हवे आहे.

मी सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. वय 34, विवाहित, एक मुलगी. हा तपशील एरवी दिला नसता, पण माझ्या हजेरीचा सगळा प्रश्न या नोकरीशी बांधलेला असल्याने तो आधी मांडणे मला योग्य वाटते.

आपल्या रेडची वेळ बुधवारी आणि रविवारी सर्व्हरच्या घड्याळाने 19:30 अशी आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ती आपल्याकडचे रात्रीचे 11 होते, आणि तोपर्यंत मी दोन्ही दिवस न चुकता येऊ शकतो. त्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात आणि रेड आपल्या मध्यरात्री सुरू होतो. नेमका त्याच सुमारास आमचा गळीत हंगाम उभा राहतो. आमच्या कारखान्यात पहाटे 4, दुपारी 12 आणि रात्री 8 अशा तीन पाळ्या असतात व पाळी दर आठवड्याला बदलते. रात्री 8ची पाळी असताना मी कारखान्यातच असतो; पहाटे 4ची असेल तर रात्री 3 वाजता रेड संपवून थेट रसाचे नमुने तपासायला जाणे कोणाच्याच हिताचे नाही. राहिली दुपारची पाळी, म्हणजे तीन आठवड्यांतून एक. उसाच्या उपलब्धतेप्रमाणे हंगाम साधारण मार्चपर्यंत चालतो.

माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न यातूनच येतो. हंगामात तीन आठवड्यांतून एकदाच येणाऱ्या हीलरला आपल्याकडे कोणते स्थान असते? मला कायम जागा नको; राखीव म्हणून नाव ठेवले तरी चालेल. पाळ्यांचा तक्ता हाती येताच मी माझ्या गैरहजेरीच्या तारखा ऑफिसरना लिहून देईन. मात्र आपण लुटीसाठी डीकेपी वापरता असे ऐकले आहे, तेव्हा पूर्वसूचना देऊन घेतलेल्या सुट्टीच्या आठवड्यातही गुण घटतात का, हे कृपया सांगावे. घटत असतील तर माझी तक्रार नाही. उलट, दर रात्री हजर राहणाऱ्याच्या आधी माझ्यासारख्याला वस्तू मिळू लागल्या तर ते गिल्ड फार काळ टिकणार नाही, असे माझे मत आहे. याच संदर्भात, मेजरडोमोच्या पेटीतून ‘आय ऑफ डिव्हिनिटी’ निघते तेव्हा ती बोलीने दिली जाते की प्रीस्ट आपसांत क्रम ठरवतात? बेनेडिक्शनचा लोभ मलाही आहे, पण माझा क्रम शेवटचा राहील हे मी गृहीतच धरले आहे.

तयारीविषयी सांगायचे तर मोल्टन कोअरची ॲट्यूनमेंट झाली आहे. ड्रेकफायर ॲम्युलेट मिळाल्याने ओनिक्सियाचे दारही खुले आहे. विंडसरला ब्लॅकरॉक डेप्थ्समधून सुखरूप बाहेर काढताना जो संयम लागतो तो घरच्या लग्नातही लागला नव्हता. ब्लॅकविंग लेअरची ॲट्यूनमेंट बाकी आहे, त्यासाठी ड्राकिसाथपर्यंत जाणारी एखादी तुकडी निघाली तर मला सोबत घ्यावे. माझा व्यवसाय अल्केमी असून ग्रेटर फायर प्रोटेक्शन पोशनची कृती माझ्याकडे आहे. हंगामात येता येत नसले तरी सदस्यांनी सामग्री पाठविल्यास पोशन मोफत करून देणे मला सहज शक्य आहे, आणि माझ्या अपुऱ्या हजेरीची थोडी भरपाई त्यातून व्हावी अशी इच्छा आहे.

जुन्या हीलर मंडळींकडून मला जे जाणून घ्यायचे आहे ते प्रत्यक्ष कामाविषयी आहे. आपल्याकडे टँक पॅलाडिनांकडे आणि उरलेला रेड प्रीस्टकडे अशी विभागणी असते, की प्रत्येक बॉसला वेगळी नेमणूक होते? लुसिफ्रॉनच्या वेळी ‘इम्पेंडिंग डूम’ काढण्यासाठी गट वाटून दिलेले असतात का? मी खालच्या रँकचे हील वापरतो आणि मध्ये पाच सेकंद थांबून स्पिरिटमुळे माना परत येऊ देतो, त्यामुळे वॉरक्राफ्ट लॉग्जच्या तक्त्यात माझे नाव वर दिसेलच असे नाही. केवळ हीलिंगच्या आकड्यांवर हीलरची पारख करणे मला पटत नाही. त्यातून एकाच जखमी योद्ध्यावर चौघे हील टाकतात आणि डिस्पेल करायला कोणी उरत नाही. आपण लॉग पाहता तेव्हा डिस्पेलची संख्या आणि वाया गेलेले हीलिंगही पाहता का? या प्रश्नाच्या उत्तरावरून मला गिल्डची बरीच ओळख होईल.

दर रेडला प्रत्येकाने किती सामग्री आणावी, याचाही अंदाज हवा. मेजर माना पोशन, मेजब्लड पोशन आणि नाइटफिन सूप मी नेहमी बाळगतो, परंतु मोल्टन कोअरसारख्या ओळखीच्या रेडलाही फ्लास्क अपेक्षित आहे का? वर्ल्ड बफसाठी ठरावीक वेळी स्टॉर्मविंडमध्ये हजर राहावे लागते की क्रोनोबूनमध्ये साठवून आणलेले चालतात? दिवसा मी मोकळा नसल्याने दुसरी सोय माझ्या उपयोगाची आहे.

डीबीएम आणि डिकर्सिव्ह ही ॲडऑन माझ्याकडे आहेत. पिंग एरवी 150 ते 200च्या दरम्यान राहतो, म्हणजे बॅरन गेडनचा बॉम्ब अंगावर पडल्यास मला इतरांपेक्षा क्षणभर आधी पळावे लागेल. वीज गेल्यास इन्व्हर्टरवर संगणक व राउटर दोन तास चालतात. डिस्कॉर्डवर मी ऐकतो आणि विचारल्यास बोलतो. घरात मुलगी झोपलेली असल्याने आवाज मात्र हळू असेल.

यापूर्वी एका इंग्रजी भाषक गिल्डमध्ये मी मोल्टन कोअर पूर्ण केले असून ब्लॅकविंग लेअर मात्र केवळ वाचून ठाऊक आहे. नेफेरियनने प्रीस्टना पुकारले की थेट हील थांबवून रिन्यू आणि शील्डवर यावे, इतपत पाठ आहे. पण वाचलेले आणि चाळीस जणांच्या गोंधळात सुचलेले यांतील फरक आपण जाणताच. आपली ती रात्र कशी जाते, प्रीस्टकडून नेमके काय हवे असते, हे कोणी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

चाचणीसाठी येत्या बुधवारच्या आणि रविवारच्या रेडला बोलावल्यास मी अर्धा तास आधी ब्लॅकरॉक माउंटनमध्ये हजर असेन. त्या रात्री कोणत्या गटात बसायचे आणि कोणाकडून सूचना घ्यायच्या, एवढे आधी कळवावे.

आपला नम्र,
वारणाकाठ