साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा झालं तो आठवडा: रेवा आणि अमेयचे निरोप

गुरुवार, 30 ऑक्टोबर

रेवा (तिच्याकडे रात्री 10:40, अमेयकडे दुपारी 1:10)
गुडघ्याचं ऑपरेशन झालेले ते आजोबा आज पहिल्यांदा जिन्यापाशी आले. कठडा एवढा घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. मी सांगितलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. त्यांनी ते तीनदा पुटपुटून पाठ केलं. एक पायरी चढले, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "आज एवढंच." मीही आज एवढंच. डोळे मिटतायत. उत्तराची घाई नाही.

अमेय (त्याच्याकडे रात्री 9:50, रेवाकडे शुक्रवार सकाळ 7:20)
ते पुटपुटणं मला दिसलंच. माझा अख्खा दिवस एका पानावर गेला. जुन्या वहीचं पान, कोपरा गेलेला. त्याला लावायचा जपानी कागद कात्रीने कापायचा नसतो. ओल्या ब्रशने रेघ मारायची आणि त्या रेघेवर हळूच फाडायचा. कडेला तंतू सुटतात, तेच पुढे पानाला धरून ठेवतात. सरांनी पान उजेडासमोर धरलं आणि काही न बोलता परत दिलं. म्हणजे जमलं!

शुक्रवार, 31 ऑक्टोबर

रेवा (रात्री 11:05, तिकडे दुपारी 1:35)
तुझा निरोप सकाळी बसमध्ये वाचला. दुपारी परत वाचला. आज माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही आणि ते बरंच आहे. झोपते.

अमेय (रात्री 11:30, तिकडे शनिवार सकाळ 9:00)
गुड नाइट. जेवलीस का? काळजी घे.

शनिवार, 1 नोव्हेंबर

रेवा (रात्री 9:15, तिकडे सकाळी 11:45)
अमेय, एक सांगते, रागाने नाही. कालचा निरोप तू दमलेला असताना पाठवायचा म्हणून पाठवलास, हो ना? मला ते लगेच कळतं. असा निरोप आला की मलाही वाटायला लागतं की आपण दोघं हजेरी लावतोय. दमला असलास तर नुसता झोप. मी सकाळी उठून फोन बघेन, काही नसेल, आणि मी समजेन की तू झोपलास. त्यात मला भीती वाटत नाही. आणि 'जेवलीस का'चं उत्तर नऊ तासांनी देऊन काय उपयोग, तोवर पुढचं जेवण आलेलं असतं. त्यापेक्षा मला तो फाटलेला कोपरा सांगत जा. काल दिवसभर माझ्या डोक्यात तो कागद होता. एका पेशंटलाही सांगितलं मी.

अमेय (दुपारी 12:20, तिकडे रात्री 9:50)
पेशंटला काय सांगितलंस?

रेवा (रात्री 9:52)
की काही गोष्टी कापण्यापेक्षा फाडलेल्या बऱ्या. त्यांना वाटलं मी त्यांच्या बँडेजबद्दल बोलतेय.

अमेय (दुपारी 12:23)
मी हसलो आणि शेजारचे दोघं वळून बघतायत. ठरलं. असेल तेव्हा सांगेन, नसेल तेव्हा झोपेन.

रविवार, 2 नोव्हेंबर

रेवा (सकाळी 11:00, तिकडे मध्यरात्रीनंतर 1:30)
तू झोपला असशील. तुझ्या घड्याळात आत्ता दीड वाजलाय. अजून अर्ध्या तासाने दोन वाजतील आणि तुमच्याकडे हिवाळ्यासाठी सगळे काटे एक तास मागे नेतील. एका तासाने परत लिहिते.

रेवा (दुपारी 12:00, तिकडे परत 1:30)
आणि आता पुन्हा दीड. एकाच रात्रीत तुला दोन दीड मिळाले आणि तू दोन्ही झोपून काढलेस. मी मात्र दोन्ही वेळा इथे होते.

अमेय (सकाळी 7:40, तिकडे संध्याकाळी 6:10)
उठून दोन्ही निरोपांच्या वेळा बघितल्या, दोन्हीपुढे 1:30. आधी वाटलं फोन बिघडला. रेवा, हे स्क्रीनशॉट काढून ठेवलंय मी.

सोमवार, 3 नोव्हेंबर

अमेय (रात्री 8:35, तिकडे मंगळवार सकाळ 7:05)
आता अडचण कळली. तू सातला उठतेस तेव्हा माझे साडेनऊ वाजलेले असायचे, मी घरी निवांत. आता साडेआठच वाजतात आणि मी रस्त्यात चालत असतो. हातमोजे घालून टाइपही होत नाही.

रेवा (मंगळवार सकाळी 7:08)
मग टाइप करू नकोस. फोन लाव आणि खिशात ठेव. तू चाल, मी आवरते. बोलायलाच हवं असं नाही.

मंगळवार, 4 नोव्हेंबर

अमेय (सकाळी 7:15, तिकडे संध्याकाळी 5:45)
काल रात्री वीस मिनिटं तुझ्या बादलीत पाणी पडताना ऐकलं. मग कपाटाचं ते कुरकुरणारं दार. मी रोजच्या रस्त्याने घरी आलो, पण रस्ता लहान वाटला.

रेवा (रात्री 11:50, तिकडे दुपारी 1:20)
आज वाईट गेला दिवस. एका बाईंना मला सांगावं लागलं की हात पूर्वीसारखा वर जाणार नाही. त्या रडल्या नाहीत, नुसतं "बरं" म्हणाल्या. ते "बरं" अजून कानात आहे. तू काही समजावू नकोस हं. फक्त वाचलंस एवढं कळू दे.

अमेय (दुपारी 1:21)
वाचलं. इथेच आहे.

अमेय (दुपारी 1:40, आवाजातला निरोप, 50 सेकंद)
"...काही बोलत नाहीये मी. खिडकीत पाऊस लागलाय, तेवढा ऐक. झोप लागली तर लागू दे."

बुधवार, 5 नोव्हेंबर

अमेय (सकाळी 6:10, तिकडे दुपारी 4:40)
आज पौर्णिमा. चंद्र समोरच्या इमारतींच्या मागे टेकलाय, मोठा आणि पिवळट. थोड्या वेळात मावळेल. तुझ्याकडे उगवायला तासभर लागेल, नाही का? पाठवतोय तुला.

रेवा (संध्याकाळी 6:20, तिकडे सकाळी 7:50)
पोचला. पाण्याच्या टाकीच्या वर. मी पायऱ्यांवर बसून बघतेय, शेजारची छोटी पण येऊन बसली. तिला सांगितलं, हा आत्ताच अमेयदादाच्या गावाहून आलाय. तिने विचारलं, "मग त्याच्याकडे आता काय उरलं?" मी म्हटलं, ऊन.

अमेय (सकाळी 7:53)
पाऊस कालच थांबला. खरंच ऊन पडलंय.

गुरुवार, 6 नोव्हेंबर

रेवा (रात्री 10:20, तिकडे सकाळी 11:50)
आजोबा चार पायऱ्या चढले! आणि उतरलेही, ऑपरेशनचा पाय आधी टाकत, तोंडाने पाठ म्हणत. खाली आल्यावर माझ्याऐवजी कठड्याला थोपटलं.
काल दिवसभर त्या बाईंचा विचार होता, आज सकाळी त्या स्वतःहून आल्या, हाताचे व्यायाम विचारायला. बाकी रविवारी सांगते.

अमेय (दुपारी 12:05, तिकडे रात्री 10:35)
कठड्याला थोपटलं, क्या बात है. रविवारी माझ्या सकाळी 8 ला कर, तुझे संध्याकाळचे साडेसहा असतील. मी वहीचं शिवण सुरू केलेलं असेन, कॅमेरा टेबलावर ठेवतो. उद्या उशिरापर्यंत काम आहे, निरोप आला नाही तर मी झोपलोय.

रेवा (रात्री 10:36)
झोप खुशाल. साडेसहा नक्की. दोरा कुठला वापरतोस ते दाखव.