काल ग्रुपवर जे लिहिलं त्याबद्दल

अगं, काल तू ‘याही मुलाखतीत नाही जमलं’ असं सांगितलंस आणि मी लिहिलं, ‘तुला आता सवयच झाली असेल.’ फार लागेल असं बोलले मी, तेही सगळ्यांसमोर. खाली हसण्याचे इमोजी पडत होते, तुझं ‘टायपिंग’ दोनदा दिसलं आणि गेलं. ते बघूनही मी गप्प बसले. तीन महिने तू पहाटे उठून तयारी करत होतीस, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. चूक माझीच. मला माफ कर.

तो मेसेज गुपचूप डिलीट केला नाही. त्याच्याखालीच ग्रुपवर तुझी माफी मागितली आहे. तू म्हणशील तेव्हा काढते. आणि उत्तराची घाई नाही गं, नाही दिलंस तरी समजेन.