हातचा एक

"टीचर, हातचा एक म्हणता, तो कोणाच्या हातचा?"

तिसरीतल्या सुहासने विचारले, तेव्हा दीपालीच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला. सत्तावीस अधिक पंधरा. सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक. ती स्वतः लहानपणी हेच घोकत मोठी झाली, पुढे गणितात बीएस्सी झाली; पण हे कधी कुणाला विचारले नव्हते.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

शाळा वाळपईच्या पुढे, रानाच्या कडेला. चार इयत्ता, अकरा मुले, दोन खोल्या. मुले घरी कोंकणीत बोलतात आणि शाळेत मराठीत लिहितात. "म्हाका येना" आणि "मला येत नाही" ही दोन्ही वाक्ये एकाच मुलाच्या तोंडून दिवसभर ऐकू येतात. दीपाली त्याच गावची, कंत्राटावरची. मोठ्या बाई दोन वर्षांत निवृत्त होणार होत्या.

तिच्या पिशवीत म्हापशाच्या एका कोचिंग क्लासचे पत्र होते. जेईईच्या मुलांना गणित शिकवायचे, महिना 45 हजार. शाळेत मिळत होते त्याच्या दुपटीहून जास्त. शुक्रवारपर्यंत कळवायचे होते. घरी बाबांचा गुडघा गेलेला, पोफळीवर चढणे बंद. भाऊ डिचोलीच्या पॉलिटेक्निकमध्ये. आणि छपरातून तीन ठिकाणी पाणी. आषाढापासून आई रोज रात्री तीन भांडी मांडायची, आणि कोणत्या भांड्यात किती जमले ते सकाळी काही न बोलता ओतून टाकायची. ते न बोलणेच दीपालीला जड जायचे.

गेल्या रविवारी ती म्हापशाला नमुन्याचा तास घेऊन आली होती. साठ-पासष्ट मुले, थंडगार खोली, सगळ्यांच्या हातात छापील नोट्स. चाळीस मिनिटांत तिने द्विपदी विस्तार संपवला. चांगला शिकवला, हे तिचे तिलाच कळत होते. शेवटी विचारले, "कुणाला शंका?" एकही हात वर झाला नाही. बाहेर आल्यावर क्लासचे सर मनापासून म्हणाले, "मस्त. फक्त शंकेसाठी थांबू नका, शनिवारी वेगळा तास असतो." त्यांचे काही चुकत होते असे तिला वाटले नाही. त्या मुलांच्या आईबापांनीही पोटाला चिमटा काढूनच फी भरली असणार.

मोठ्या बाईंना तिने पत्र दाखवले. त्यांनी चष्मा काढला. "जा गो बाय. मी तुला राहा म्हणून सांगणार नाही. तुझ्या घरचे छप्पर मला दिसते." मग फळ्याकडे बघत म्हणाल्या, "मी तीस वर्षे हातचा शिकवते. कुणी विचारले नाही, की मीच विचारू दिले नाही, आता आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी दीपालीने कुळागरातून आणलेल्या सुपाऱ्या जमिनीवर ओतल्या. दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधायच्या, उरतील त्या सुट्या. सुहासने दोन पुरचुंड्या नि सात सुपाऱ्या एका बाजूला मांडल्या, एक पुरचुंडी नि पाच सुपाऱ्या दुसऱ्या बाजूला. सुट्या एकत्र केल्या, मोजल्या. बारा. त्याने थोडा विचार केला, दहा वेगळ्या काढून फडक्यात बांधल्या आणि ती पुरचुंडी मुठीत धरून उभाच राहिला.

"टीचर," तो हळूच म्हणाला, "हा माझ्या हातचा."

पलीकडे पहिलीतल्या दोघी धावत आल्या. त्यांनाही बांधायचे होते. पुढचा अर्धा तास कुणी कुणाला शिकवले ते सांगता येणार नाही. आहारासाठी आलेला भाजी-पाव निवून गेला.

शुक्रवारी संध्याकाळी ओसरीवर बसून तिने फोन लावला. "सर, तुमचे आभार. मी येत नाही." त्यांनी कारण विचारले. "इथला गणिताचा तास अर्धवट राहिलाय," एवढेच तिला सुचले.

आई दारात उभी होती. हातात पितळेचे भांडे. बराच वेळ पावसाचाच आवाज.

"मग कौलं?" आईने विचारले.

"या पगारात निम्मी होतील. बाकीची पुढच्या वर्षी. संध्याकाळी वाळपईत दोन शिकवण्या धरते."

बाबा आतून काहीच बोलले नाहीत. खाटेचा करकर आवाज तेवढा आला. आईने बोटांवर काहीतरी मोजले, पुन्हा मोजले.

"निम्मी, तर देवाच्या खोलीवरची आधी घाल," ती म्हणाली. "चवथीला माटोळीवर पाणी पडता कामा नये."

आणि ती भांडे मांडायला आत गेली.