विषय : फ्लॅट सोडल्यानंतर डिपॉझिट परत मिळण्याबाबत

रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह

दि. 16 जून 2025
पुणे

श्री. देशपांडे काका,
स. न. वि. वि.

कोथरूडचा आपला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही 30 एप्रिल 2025 रोजी रिकामा केला. दुसरा लिव्ह अँड लायसन्स करार त्याच दिवशी संपत होता आणि महिनाभराची लेखी सूचना आम्ही 28 मार्चलाच दिली होती. किल्ल्या आपण स्वतः मोजून घेतल्या: लॅचच्या दोन, टपालपेटीची एक. भाड्याचा एक रुपयाही बाकी नाही. ताबा दिल्याबरोबर 75,000 रुपये डिपॉझिट बिनव्याजी परत करायचे, असे नोंदणी झालेल्या करारात लिहिले आहे. त्याला आता दीड महिना झाला.

आधी आपण 'नवा भाडेकरू आला की देतो' म्हणालात. तो आला, 10 मेपासून तिथे राहतो आहे. आता फोनवर म्हणता, रंगकामाचे 18,000 कापणार.

हे मला मान्य नाही. बेडरूमच्या ज्या भिंतीचे पोपडे निघालेत, ती गच्चीच्या बाजूची आहे. ऑगस्ट 2024 मध्ये वरून पाणी झिरपून ती ओली झाली. फोटो मी त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवले आणि 'पावसाळा संपला की बघू' असे आपले उत्तरही आहे. पावसाळा संपला, दिवाळी झाली, कोणी आले नाही. आम्ही कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून फ्लॅट सोडेपर्यंतचे महिने काढले. तरी आईच्या दोन साड्यांना बुरशी लागली, त्याचे पैसे मी मागत नाही. गच्चीच्या गळतीचा खर्च मात्र भाडेकरूच्या डिपॉझिटमधून वसूल होत नाही. बाकीच्या खोल्यांचा रंग दोन वर्षांत जितका मळायचा तितकाच मळला आहे, आणि करारात नेहमीची झीज वगळलेली आहे.

जे आमच्याकडे लागते ते कापून घ्या. एप्रिलचे लाइटबिल 1,140 रुपये आणि जाळीच्या दाराची कडी 450 रुपये. ती आमच्या मुलानेच तोडली. बाकी 73,410 रुपये.

नव्या घराचे डिपॉझिट भरायला मी ऑफिसातून आगाऊ उचल घेतली आहे आणि तिचा हप्ता दरमहा पगारातून कापला जातो, त्यामुळे आता थांबणे शक्य नाही. ज्या खात्यातून आपल्याला दरमहा भाडे येत होते, त्याच खात्यात 1 जुलै 2025 पर्यंत ही रक्कम जमा करावी. आणखी काही कपात करायची असेल तर पावत्यांसह लेखी कळवा, फोनवर नको. त्या तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर वकिलामार्फत नोटीस पाठवून न्यायालयात वसुलीचा दावा लावेन, आणि रकमेवरचे व्याज व खर्चही मागेन.

दोन वर्षे आपल्या घरात आम्ही सुखाने राहिलो, म्हणूनच वकिलाआधी हे पत्र.

आपली,
स्नेहल जाधव

सोबत : दोन्ही करारांच्या प्रती, 28 मार्चची सूचना, भिंतीचे फोटो व व्हॉट्सॲप संभाषणाची छापील प्रत, लाइटबिल