थायरॉइड सोबती ग्रुप: आत येण्याआधी हे वाचा

सगळ्यांचं मनापासून स्वागत. इथे आपण एकमेकांचे अनुभव ऐकतो, उपचार सांगत नाही. म्हणजे "मला गोळी सुरू केल्यावर थकवा कमी व्हायला वेळ लागला" हे जरूर लिहा, पण "तू पण डोस वाढव" असं लिहू नका. कारण थायरॉइडचा डोस वजन, वय, प्रेग्नन्सी, हार्टचा त्रास आणि टीएसएच बघून ठरतो, एकाला ५० मायक्रोग्रॅम लागतात तर दुसऱ्याला १००, आणि डोस जास्त झाला तर धडधड होते, हाडंही ठिसूळ होऊ शकतात, म्हणून ह्या नियमात सूट नाहीच.

रिपोर्टचा फोटो टाकून "नॉर्मल आहे का" विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्यांना नेमकं काय विचारायचं हे सुचत नसेल तर मात्र इथे लिहा, आपण मिळून प्रश्न काढू.

गोळी बंद करून काढा घ्या, अमुक पावडर घ्या असले मेसेज लगेच डिलीट होतील, विक्री करणाऱ्याला काढलं जाईल.

कुणाचं दुखणं, नाव, स्क्रीनशॉट बाहेर जाता कामा नये. वजनावरून टोमणे नकोत, खूप लागतं ते.

अ‍ॅडमिन डॉक्टर नाहीत, आम्हीही पेशंटच आहोत. इथलं वाचून कुणी औषध बदललं तर त्याची जबाबदारी ग्रुप घेऊ शकत नाही.

छातीत दुखणं, श्वास लागणं, शुद्ध हरपणं असं काही झालं तर इथे टाइप करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर घरच्या कुणाला तरी आत्ता सांगा आणि डॉक्टरांकडे जा, आम्हालाही रात्री-अपरात्री मेसेज करा.