इरासाठी शाळेच्या कॅन्टीनला पत्र

पुणे
दि. १६ जून २०२५

प्रति,
सुनंदाताई,
कॅन्टीन प्रमुख

विषय : इयत्ता ६ वी ब मधील इराचा शाळेतला नाश्ता आणि जेवण

सुनंदाताई, सप्रेम नमस्कार.

मी रुग्णालयाच्या बालपचनविकार विभागात आहारतज्ज्ञ आहे. तुमच्या शाळेतली इरा गेल्या डिसेंबरपासून आमच्याकडे उपचार घेते आहे. उन्हाळ्याची सुट्टी संपून ती आजपासून पुन्हा शाळेत येते आहे आणि दुपारी तुमच्याकडेच जेवणार आहे. तिच्या आईवडिलांच्या संमतीने हे पत्र लिहिते आहे. मुख्याध्यापक बाई आणि वर्गशिक्षिकांना याची प्रत दिली आहे. स्वयंपाकघरातल्या मंडळींना ते जरूर वाचून दाखवा, पण भिंतीवर लावू नका. कॅन्टीनच्या खिडकीशी मुलं रांगेत उभी असतात आणि इराला आपला आजार सगळ्यांनी वाचलेला नको आहे.

इराला क्रोन्स नावाचा आजार आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. हा आजार संसर्गाचा नाही. तिच्या ताटाला, पेल्याला हात लावल्याने कुणाला काही होणार नाही. बाहेरचं खाल्ल्यामुळे किंवा आईने नीट जेवायला न घातल्यामुळेही तो होत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण हा प्रश्न त्या माउलीला फार जणांनी विचारून झाला आहे.

इराच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे सुजेमुळे वाट अरुंद झाली आहे. मार्च-एप्रिलमध्ये सलग आठ आठवडे ती काहीही न चावता फक्त औषधी पोषणपेयावर राहिली. अकरा वर्षांच्या मुलीने घरात आंब्याचा वास दरवळत असताना ते पाळलं. एकतीस किलोची मुलगी साडेसव्वीसवर आली होती, आता एकोणतीस आहे. सूज उतरते आहे, पण अरुंद वाट अजून पुरती मोकळी झालेली नाही. म्हणून तिखटापेक्षाही मला धास्ती आहे ती चोथ्याची. साल, बी, दोरा, कडक दाणा असं जे आतड्यात विरघळत नाही ते तिथे अडकू शकतं.

आता माझी खरी विनंती. इरासाठी वेगळा स्वयंपाक करू नका. तुम्ही रोज जे रांधता त्यातूनच, फोडणी आणि मसाला पडायच्या आधी, तिची वाटी बाजूला काढा. गेल्या आठवड्यात ओपीडीत मी तिला तुमच्या स्टीलच्या खणांच्या ताटाचं चित्र काढायला सांगितलं. तिने सहा खण काढले, चारांत रंग भरले आणि दोन कोरे ठेवले. म्हणाली, ‘हे माझे रिकामे राहणार ना? मग सगळे विचारतील.’ ताई, ते दोन खण रिकामे राहू नयेत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

तिच्या आईने मला तुमच्या आठवड्याच्या मेनूचा फोटो पाठवला. तो समोर ठेवूनच लिहिते.

तुमच्याकडे वरण रोज असतं, त्यामुळे निम्मं काम झालंच. तूर किंवा मूगडाळ शिजवून घोटली की फोडणीआधी दोन डाव तिच्यासाठी काढून घ्या. हळद, मीठ, हिंग, जिऱ्याची पूड चालते. अख्खी मोहरी, कढीपत्ता, मिरचीचे तुकडे, ओलं किंवा सुकं खोबरं नको. सोबत मऊ, जरा आसट भात आणि वर चमचाभर साजूक तूप. तिला वजन कमवायचं आहे, तेव्हा तुपाला हात आखडू नका. तळलेलं मात्र नको.

सोमवारची मटकीची उसळ आणि मंगळवारचा राजमा तिला सध्या पूर्ण बंद. कडधान्याची साल हाच तिचा मोठा शत्रू आहे. ‘थोडीशी खा, काय होतंय’ असंही कुणी म्हणू नये. त्या खणात वरण घाला. मंगळवारी काकडीच्या कोशिंबिरीऐवजी ताजं दही द्या. नुसत्या दुधाने तिचं पोट फुगतं, दही आणि ताक मात्र छान पचतं. बुधवारी शक्य असेल तर पनीरचे मऊ तुकडे द्या, पण पनीर त्याच दिवशी आणलेलं हवं.

बुधवारच्या पावभाजीबद्दल सविस्तर लिहिते, कारण तिचा जीव त्यात आहे. ‘पावभाजीच्या दिवशी मी काय करू?’ हा तिचा पहिला प्रश्न होता. तुम्ही बटाटे आणि गाजर उकडता, तेव्हाच त्यातलं एक वाटीभर सोलून बाजूला घ्या, मटार आणि सिमला मिरची मिसळायच्या आधी. एक टोमॅटो उकडून, साल-बी गाळून त्याचा रस त्यात घाला. चमचाभर लोणी, मीठ, किंचित पावभाजी मसाला, आणि पोटॅटो मॅशरने एकजीव होईपर्यंत घोटा. रंग सगळ्यांच्या भाजीसारखाच येतो. मी घरी दोनदा करून पाहिली, दुसऱ्यांदा टोमॅटो वाढवल्यावर जमली. मैद्याचा पाव तिला चालतो, लोण्यावर शेकून द्या. वर कच्चा कांदा आणि कोथिंबीर घालू नका.

गुरुवारी दुधी असेल तर उत्तम. साल आणि बिया काढून, बोटाने दाबला की मोडेल इतका शिजवा. लाल भोपळा, सोललेला बटाटा, गाजर हेही असंच. पालेभाजी, गवार, भेंडी, कोबी, शेवग्याच्या शेंगा सध्या नकोत. शुक्रवारची इडली तिच्यासाठी आठवड्यातला सर्वांत निर्धास्त दिवस. सांबार गाळून द्या, खोबऱ्याची चटणी वाढू नका.

पोळी चालते. गहू बंद केलेला नाही. कुणीतरी तिच्या आईला ‘गहू सोडा, पोट आपोआप बरं होईल’ असं सांगितलं होतं. ज्यात गहू सोडावा लागतो तो आजार वेगळा, हा तो नव्हे. फक्त कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा काढा आणि पोळी मऊ ठेवा. भाकरी नंतर बघू. मधल्या सुट्टीत उपमा, शिरा, पोहे हे तिन्ही चालतील, पण शेंगदाणे, खोबरं आणि कच्चा कांदा वगळून. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट असतंच, त्या दिवशी तिला शिरा द्या. मक्याचे दाणे आणि पॉपकॉर्न कार्यक्रमाच्या दिवशीसुद्धा नकोत. पिकलेलं केळं आणि सोललेली पिकलेली पपई चालते, मात्र फळ तिच्या समोर कापा, आधी कापून झाकून ठेवलेलं नको.

याचं कारण तिचं औषध. तिच्या प्रतिकारशक्तीचा उलटलेला भाग शांत ठेवण्यासाठी ती अ‍ॅझाथायोप्रिन घेते. त्यामुळे तिला जंतुसंसर्ग लवकर होऊ शकतो. दुसऱ्या मुलाचं ज्याने अर्धा दिवस पोट बिघडेल, त्याने इरा दवाखान्यात दाखल होऊ शकते. सकाळी शिजवून गार झालेला भात पुन्हा गरम करून तिला वाढू नका, कारण भातातल्या जंतूंचं विष गरम करूनही जात नाही. तिचं जेवण गरम असतानाच काढा, किंवा झाकून गरमच ठेवा, आणि शिजल्यावर दोन तासांच्या आत वाढा. कच्ची हिरवी चटणी, मोड आलेलं कच्चं कडधान्य, बर्फाचा गोळा, न उकळलेलं पाणी वर्ज्य. वाढणाऱ्यांचे हात धुतलेले हवेत, आणि ज्याला जुलाब होत असतील त्याने ते थांबल्यावरही दोन दिवस पोरांच्या अन्नाला हात लावू नये. हा नियम तर सगळ्याच मुलांच्या हिताचा आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक मुलगा होता. त्याच्या शाळेतल्या बायकांनी अगदी मायेने ठरवलं की याला दहीभाताखेरीज काही द्यायचं नाही, म्हणजे धोका नाही. वर्षभर तो रोज दहीभात खात राहिला. पोट दुखलं नाही, पण त्याचं वजन वाढलं नाही आणि उंचीही थांबली. मलाही ते वेळेत कळलं नाही, कारण मी शाळेत काय वाढतात हे कधी विचारलंच नव्हतं. म्हणून यावेळी आधीच पत्र लिहिते आहे. जे बंद आहे ते कडक बंद असू द्या, पण जे चालतं ते तिला भरपूर आणि चवीचं मिळू द्या.

ती हळू खाते. तिला चावून खायला आम्हीच सांगितलं आहे, तेव्हा तिला रांगेत पहिल्यांदा वाढलं तर बरं होईल. अर्ध्यावर उठून ती स्वच्छतागृहात गेली तर विचारू नका, फक्त ताट झाकून ठेवा. ‘भूक नाही’ म्हणाली तर आग्रह करू नका, पण ते वहीत लिहा. कोणत्या दिवशी काय खाल्लं आणि किती उरलं, एवढी एक ओळ मला पुरेशी आहे.

पोटात कळा, ताप, उलटी किंवा शौचातून रक्त, यातलं काहीही झालं तर आधी आईला फोन करा. पोट फुगून उलट्या होत असतील तर काहीही खायला-प्यायला न देता लगेच रुग्णालयात आणा, वाट अडल्याची ती खूण असू शकते. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी देऊ नका, तिने आतड्याचा त्रास वाढू शकतो. इसबगोल, ओवा, काढा असा घरगुती उपायही नको.

हे पथ्य कायमचं नाही. सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा तपासणी आहे, त्यानंतर मी नवीन पत्र पाठवीन. तोवर इराने ‘डॉक्टर चालेल म्हणाले’ असं सांगितलं तरी आईला विचारून घ्या. ती खोटं बोलणारी मुलगी नाही, पण राजम्यासमोर कुणाचाही धीर सुटतो.

येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता तुमची सोय असेल तर मी स्वयंपाकघरात येते. पावभाजीची वाटी आपण दोघी मिळून काढून बघू, आणि माझ्या कागदावरचं काय तुमच्या गर्दीच्या वेळी जमणार नाही ते मला तिथेच स्पष्ट सांगा. माझा फोन नंबर इराच्या आईकडे आहे. दुपारी चारनंतर मी फोन उचलते, तातडीचं असेल तर केव्हाही करा.

आपली,
वैशाली
आहारतज्ज्ञ, बालपचनविकार विभाग

प्रत : मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, ६ वी ब, इराचे पालक